परत जाणाऱ्या पेटीतली किल्ली

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या काकांनी मध्यंतरी इंटरनेटची कंपनी बदलली. नवी पेटी बसवायला आलेल्या मुलानं भिंतीला स्क्रू मारता मारता विचारलं, "काका, वायफायचं नाव आणि पासवर्ड काय ठेवू?" काका म्हणाले, "जुनंच ठेव बाबा. नाहीतर टीव्ही, हिचा फोन, नातवाचा टॅब, कॅमेरे, सगळं पुन्हा जोडत बसावं लागेल." मुलानं जुनंच ठेवलं. पाच मिनिटांत घरातली सगळी यंत्रं आपापली नव्या पेटीला जोडली गेली. काका खूश, काकू खूश.

चार दिवसांनी जुन्या कंपनीचा फोन आला : उद्या आमचा माणूस पेटी न्यायला येईल, ॲडॅप्टरसकट काढून ठेवा. काकांनी पेटी पुसली, वायर गुंडाळली, रबर लावलं आणि सगळं एका पिशवीत घालून दाराजवळच्या चपलांच्या कपाटावर ठेवलं. मी काही कामानं गेलो होतो, तेव्हा पिशवी दिसली. विचारलं, "काका, रिसेट केलीत का?"

"कशाला? बंदच केलीय की. प्लगच काढलाय."

इथेच सगळी गंमत आहे. प्लग काढला की पेटी बंद होते, पण विसरत काहीच नाही. मोबाइल बंद करून चालू केला तर आपले फोटो जातात का? तसंच हे. राउटरच्या आत एक छोटी चिप असते, तिच्यावर पेटीचा मूळ प्रोग्राम एका कप्प्यात आणि आपण केलेली सेटिंग्ज दुसऱ्या कप्प्यात असतात. वीज गेली तरी दोन्ही जागच्या जागी राहतात. रोज लोडशेडिंग झालं तरी वायफाय पुन्हा त्याच नावानं चालू व्हावं, म्हणूनच ती सोय आहे.

काकांना हे सांगून पटेना. मग म्हटलं, करूनच दाखवतो.

दोन मिनिटांचं काम

पेटी पिशवीतून काढली, माझ्या घरी नेली आणि सॉकेटला लावली. काकांचा वायफाय पासवर्ड मला ठाऊक नव्हता. त्याची गरजही नव्हती. पेटीच्या मागच्या लॅन पोर्टला वायर लावली, दुसरं टोक लॅपटॉपला. वायरनं जोडणाऱ्याला राउटर पासवर्ड विचारत नाही; तो घरातलाच माणूस समजतो.

मग पेटी उलटी केली. खाली स्टिकर होतं. त्यावर पेटीचा अनुक्रमांक, एक पत्ता, आणि आतल्या पानावर शिरायचं नाव व पासवर्ड, सगळं छापलेलं. ब्राउझर उघडून वर पत्ता टाइप केला :

```
192.168.1.1
```

काही पेट्यांत शेवटून दुसरा आकडा 0 असतो, म्हणजे `192.168.0.1`. जे स्टिकरवर असेल ते खरं. पान उघडलं, स्टिकरवरचं नाव-पासवर्ड टाकलं आणि आत गेलो. बसवून चार वर्षं झाली होती, पण तो पासवर्ड कुणीच बदलला नव्हता. बहुतेक घरांत तो कुणीच बदलत नाही, कारण तो आहे हेच घरच्यांना माहीत नसतं.

वायफायच्या पानावर नावाखाली पासवर्डच्या जागी काळे ठिपके होते आणि शेजारी डोळ्याचं चिन्ह. त्यावर क्लिक केलं. ठिपके गेले आणि काकूंचं नाव व काकांच्या मोबाइल नंबरातले चार आकडे समोर आले.

काका खुर्चीत सरसावून बसले. "अरे, हा तर नव्या पेटीचाही पासवर्ड!"

मग जरा थांबून, हळू आवाजात : "आणि कॅमेऱ्याचाही."

या सगळ्याला दोन मिनिटं लागली. त्यात हॅकिंग असं काहीच नव्हतं. एक वायर, एक स्टिकर आणि डोळ्याचं एक चिन्ह. ज्याच्या हातात ती पिशवी पडेल, त्या कुणालाही हे जमलं असतं.

जुन्या पेटीत जुना पासवर्ड राहिला तर काय बिघडतं, असं आपल्याला वाटतं, कारण तो आता निकामी झाला असं आपण धरून चालतो. पण आपण घर बदललं तरी कुलूप तेच नेतो. सोयीसाठी नव्या राउटरला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड देतो. तसं केलं की परत जाणारी पेटी म्हणजे आपल्या चालू घराची किल्ली होते, आणि ती आपण हसतमुखानं, पाणी विचारून, दुसऱ्याच्या हातात देतो.

आत आणखी काय होतं

पेटी उघडलीच होती म्हणून काकांना बाकीची पानंही दाखवली.

जोडलेल्या यंत्रांच्या यादीत प्रत्येक फोनचं, टीव्हीचं, लॅपटॉपचं नाव होतं. फोनला आपण हौसेनं आपलं नाव देतो, तेच इथे उमटतं. घरात किती माणसं, कुणाचा कुठला फोन, नातवाच्या टॅबला रात्री दहानंतर इंटरनेट बंद, हे सारं त्या दोन-तीन पानांत वाचता येत होतं. यातून लगेच कुणाचं नुकसान होतं असं नाही, पण अनोळखी माणसानं वाचावं असंही ते नाही.

दुसरं पान इंटरनेटच्या जोडणीचं. तिथे कंपनीनं दिलेलं खात्याचं नाव आणि पासवर्ड असतो. पानावर त्याला `PPPoE` म्हणतात. जोडणी बंद झाली की हे खातं मरतं, त्यामुळे त्याची फार चिंता नको. काही पेट्यांत ते रिसेटनंतरही तसंच राहतं, कारण ते कंपनीनं पेटीच्या मूळ सेटिंगमध्येच घालून दिलेलं असतं.

खरी काळजी तिसऱ्या पानाची होती. काकांच्या जिन्यात आणि दारावर असे दोन कॅमेरे आहेत. मुलगी परगावी असते. तिला तिथून कॅमेरे दिसावेत म्हणून कॅमेरेवाल्यानं राउटरमध्ये एक वाट उघडून ठेवली होती. बाहेरून 37777 या क्रमांकाच्या पोर्टवर कुणी आलं, तर त्याला थेट कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरकडे पाठवायचं, असं त्या सेटिंगचं सांगणं. याला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. आणि घरचा इंटरनेट पत्ता सारखा बदलतो म्हणून त्याला एक कायमचं नाव मिळावं, यासाठी `DDNS` नावाच्या सेवेचं खातंही तिथेच भरलेलं होतं, नाव आणि पासवर्डसकट.

वायफायचा पासवर्ड वापरायला माणसाला तुमच्या घराच्या आसपास यावं लागतं. कॅमेऱ्याला ते बंधन नाही. घराचं इंटरनेटवरचं नाव, कुठल्या पोर्टनं आत यायचं, आणि जुळणारा पासवर्ड, या तिन्ही गोष्टी एकाच पेटीत होत्या. नव्या राउटरमध्येही कॅमेरेवाल्यानं तीच वाट उघडून दिली होती, त्यामुळे ती माहिती शिळी नव्हती.

"पण इतकं कोण बघत बसणार?" हा प्रश्न काकांनी विचारलाच. बहुतेक वेळा कुणीच नाही, हे खरं आहे. पेट्या न्यायला येणाऱ्या मुलाला दिवसात वीस घरं करायची असतात. त्याच्याशी दुसऱ्या दिवशी बोललो, तेव्हा तो म्हणाला, "नव्या घरी लावताना आम्ही रिसेट मारतोच. पण तोवर पेटी गाडीच्या डिकीत नाहीतर ऑफिसच्या खोक्यात पडलेली असते." म्हणजे पुसण्याचं काम होतं, पण ते आपल्या नजरेआड, दुसऱ्याच्या सवडीनं. शिवाय स्थानिक केबलवाल्याकडची पेटी फिरून बहुधा त्याच भागातल्या दुसऱ्या घरात जाते. तुमचा वायफाय पासवर्ड हजार किलोमीटरवर निरुपयोगी आहे. शेजारच्या इमारतीत नाही.

व्यवसायाच्या ठिकाणीही हे होतं. ईसेट या सायबर सुरक्षेतल्या कंपनीनं बाजारातून वापरलेले १८ राउटर विकत घेतले आणि २०२३ साली त्याचे निष्कर्ष जाहीर केले. हे घरगुती नव्हे, कंपन्यांच्या कार्यालयांतले महागडे राउटर होते. ज्यांची तपासणी करता आली त्यांपैकी निम्म्याहून अधिक पेट्यांत आधीच्या मालकाची सेटिंग्ज जशीच्या तशी सापडली. जिथे या कामाला पगारी माणसं ठेवलेली असतात, तिथे ही अवस्था.

आणि आपलं वायफाय परक्याच्या हाती असणं म्हणजे काय, हे महाराष्ट्रानं एकदा पाहिलेलं आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी माध्यमांना धमकीचा ई-मेल गेला होता. तपास यंत्रणांनी त्याचा माग काढला तो नवी मुंबईत राहणाऱ्या एका अमेरिकी नागरिकाच्या घरापर्यंत पोचला. त्याच्या वायफायला पुरेसं संरक्षण नव्हतं आणि ते दुसऱ्याच कुणीतरी वापरलं होतं. पण पोलीस आधी आले ते त्याच्या दारात. इंटरनेटच्या जगात पत्ता जोडणीचा असतो, वापरणाऱ्याचा नसतो. पासवर्ड नसलेलं वायफाय आणि परक्याला पासवर्ड माहीत असलेलं वायफाय, यांत या दृष्टीनं फारसा फरक नाही.

घाई न करता, क्रमानं

काकांची पेटी आम्ही पुसली ती सरळ भोकात टाचणी घालून नाही. आधी तीन कामं केली, आणि ती करण्यात अर्थ होता.

पहिलं काम, जे पुढे लागेल ते उतरवून घेणं. रिसेट केलं की पेटी पहिल्या दिवशीसारखी कोरी होते. कॅमेऱ्याची वाट, रेकॉर्डरला दिलेला ठरलेला क्रमांक, टॅबच्या वेळा, काहीच परत मिळत नाही. म्हणून त्या पानांचे मोबाइलवर फोटो काढले. काही राउटर सगळी सेटिंग्ज एका फाइलमध्ये उतरवून देतात. ती फाइल मात्र जपून. तिच्यातही पासवर्ड असतात. नव्या राउटरचा बनाव वेगळा असेल तर ती चालतही नाही. तेव्हा फोटो बरे, आणि काम झाल्यावर तेही पुसायचे.

दुसरं काम, पेटीला बांधलेली खाती सोडवणं. काकांच्या मुलीनं `DDNS`च्या खात्याचा पासवर्ड तिकडून बदलला. हे महत्त्वाचं आहे, कारण रिसेटनं पेटीतली नोंद जाते, खातं जात नाही. काही राउटर मोबाइलवरच्या ॲपला जोडलेले असतात. त्या ॲपमध्ये जाऊन यंत्र काढून टाकावं लागतं, नाहीतर पेटी पुढच्या माणसाच्या घरी लागली तरी तुमच्या ॲपमध्ये दिसत राहू शकते. मग त्या माणसालाही ती आपल्या नावावर घेता येत नाही. मागच्या यूएसबी पोर्टला पेनड्राइव्ह लावलेला असेल तर तोही याच वेळी काढायचा.

तिसरं काम जरा उफराटं वाटेल. पुसायच्या आधी वायफायचं नाव आणि पासवर्ड आम्ही मुद्दाम बदलला. नाव ठेवलं `test1`, पासवर्ड काहीतरी अगडबंब, पुन्हा कधीही न लागणारा. हे कशासाठी? तर अनेक कंपन्या आपल्या पेट्या दुरून चालवतात. तुम्ही तक्रार केलीत की तिकडचा माणूस "सर, मी इथूनच सेटिंग करतो" म्हणतो ना, ते याच सोयीनं. राउटरच्या पानांत ती `TR-069` या नावानं दिसते. या सोयीमुळे तुमच्या सेटिंगची एक प्रत कंपनीच्या सर्व्हरवर असू शकते, आणि पेटी कोरी होऊन पुन्हा कंपनीशी जोडली गेली की तो सर्व्हर ती प्रत परत पाठवतो. माझ्या स्वतःच्या घरी हे झालं होतं. रिसेट केलं, दिवे लागले, नाव कोरं दिसलं, आणि पाच मिनिटांनी माझं जुनं नाव आपोआप परत आलं. कंपनीच्या दृष्टीनं ही ग्राहकाची सोय आहे. पेटी बिघडून रिसेट करावी लागली तर सगळं पुन्हा भरावं लागू नये. पण पेटी परत करणाऱ्याच्या दृष्टीनं ती अडचण.

म्हणून आधी नाव-पासवर्ड खोटा करायचा. तोवर जुनी जोडणी चालू असेल, फायबरची तार लागलेली असेल, तर हा बदल तिकडेही पोचू शकतो. काकांची जोडणी बंद झाली होती, त्यामुळे आमच्या बाबतीत बदल पेटीपुरताच राहिला. तुमची अजून चालू असेल तर हे काम बंद करायचा अर्ज देण्याआधीच करून टाका.

भोक, जेमक्लिप आणि पंधरा सेकंद

आता प्रत्यक्ष रिसेट. तार अजून लागलेली असेल तर ती आधी काढायची. फायबरची तार बारीक असते आणि तिच्या टोकाला बहुधा हिरवा चौकोनी प्लग असतो. तो सरळ मागे ओढायचा, वाकवायचा नाही, आणि टोपण असेल तर लावायचं. त्या टोकात डोकावून बघायचं नाही : आतला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण तो लेझरचा असतो. तार काढली की पेटीवर `LOS` या अक्षरांपाशी लाल दिवा लुकलुकायला लागतो. घाबरायचं कारण नाही. प्रकाश येत नाही, एवढंच तो सांगतो. आपल्याला तेच हवं आहे, कारण आता कंपनीचा सर्व्हर काही परत पाठवू शकत नाही.

पेटी मात्र चालू हवी. बंद पेटीचं भोक कितीही दाबलं तरी काही होत नाही. बटण फक्त चालू प्रोग्रामला ऐकू जातं. चालू केल्यावर दोन मिनिटं थांबायचं, दिवे स्थिर होऊ द्यायचे.

रिसेटचं बटण बहुतेक पेट्यांत मागच्या किंवा खालच्या बाजूला एका बारीक भोकात, आत दडवलेलं असतं, चुकून दाबलं जाऊ नये म्हणून. सेफ्टी पिन टोकदार असते, ती घसरून आत भलतीकडे जाते. सरळ केलेली जेमक्लिप किंवा मोबाइलचं सिम काढायची पिन बरी. शेजारी `WPS` लिहिलेलं बटण असेल तर ते वेगळं. त्यानं पासवर्ड न टाकता यंत्र जोडता येतं. काही जुन्या पेट्यांत मात्र दोन्ही कामं एकाच बटणाला दिलेली असतात, थोडं दाबलं तर जोडणी, धरून ठेवलं तर रिसेट.

जेमक्लिप काकांच्याच हातात दिली. त्यांनी भोकात घातली, आत बारीकशी टिक लागली, काकांनी एक-दोन-तीन-चार मोजलं आणि सोडली. सगळे दिवे गेले, पुन्हा एकेक करून लागले. काका विजयी मुद्रेनं माझ्याकडे बघू लागले. मी फोनवर वायफायची यादी उघडली : `test1`. जसंच्या तसं.

ही सगळ्यात जास्त होणारी चूक. थोडा वेळ दाबलं तर अनेक पेट्या नुसत्या बंद होऊन चालू होतात. दिवे तसेच जातात, तसेच येतात, आणि माणसाला वाटतं काम झालं. रीस्टार्ट आणि रिसेट हे शब्द जवळचे आहेत, पण पहिल्यात पेटी झोपून उठते आणि दुसऱ्यात तिची आठवण पुसली जाते.

दुसऱ्यांदा काकांनी पंधरापर्यंत मोजलं, सावकाश. साधारण दहाव्या आकड्याला सगळे दिवे एकदम लागले आणि विझले. मग सोडलं. आता हात लावायचा नाही, प्लग तर अजिबात काढायचा नाही. पेटी स्वतःचं पान नव्यानं लिहीत असते, मध्येच वीज गेली तर ती अर्धवट राहून कायमची बिघडू शकते. पाच मिनिटं चहाला दिली.

भोक सापडलं नाही तर हेच काम आतल्या पानांवरूनही करता येतं. सेटिंग्जमध्ये कुठेतरी `Factory Reset` किंवा `Restore Default` असतं. एक सावधगिरी : काही राउटरमध्ये असे दोन पर्याय एकाखाली एक असतात, एक सगळं पुसतो आणि दुसरा आत शिरायचा पासवर्ड व ॲपचं खातं तसंच ठेवतो. दोन्ही दिसले तर खालची बारीक ओळ वाचा आणि सगळं पुसणारा निवडा.

झालं की नाही, हे कसं कळणार

चहा झाल्यावर आम्ही तीन गोष्टी पाहिल्या.

पहिली, फोनच्या यादीत `test1` नव्हतं. त्याऐवजी स्टिकरवर छापलेलं लांबलचक नाव आलं होतं. दुसरी, स्टिकरवरचाच पासवर्ड टाकल्यावर फोन जोडला गेला. जुना टाकून पाहिला, तो नाकारला. तिसरी, पुन्हा वायर लावून आतलं पान उघडलं. जोडलेल्या यंत्रांत एकटा माझा लॅपटॉप. कॅमेऱ्याच्या वाटेचं पान रिकामं. `DDNS`च्या जागी काही नाही. टॅबच्या वेळा गेलेल्या. हे तिसरं बघणं आवश्यक आहे, कारण नाव बदलणं म्हणजे सगळं पुसलं जाणं नव्हे.

मग प्लग काढला. आणि पेटी पुन्हा उलटी केल्यावर लक्षात आलं, की स्टिकरच्या शेजारी एक पांढरी पट्टी चिकटवलेली आहे. काकूंच्या अक्षरात, निळ्या पेनानं, वायफायचा पासवर्ड. पाहुण्यांना सांगायला बरा म्हणून. ती नखानं खरवडून काढली. रिसेट कितीही नीट झालं तरी कागदावरचं त्याला पुसता येत नाही.

पेटी बिघडलेली असेल आणि चालूच होत नसेल तर? आधी दुसरा ॲडॅप्टर लावून पाहा, पण व्होल्टचा आकडा तोच हवा आणि अँपिअरचा तेवढाच किंवा जास्त. पुष्कळदा पेटी धड असते, ॲडॅप्टरच गेलेला असतो. तरीही चालू झाली नाही, तर ती पुसता येणार नाही असं धरा आणि पुढचं वाचा.

पेटीपेक्षा पासवर्ड

रिसेटलाही मर्यादा आहेत. पेटीचा अनुक्रमांक आणि तिचा जन्मजात नेटवर्क क्रमांक तसाच राहतो. तो राहायलाच हवा, कारण कंपनी पेटी त्यावरून ओळखते. कंपनीच्या सर्व्हरवरच्या नोंदी तुमच्या जेमक्लिपनं जात नाहीत. आणि रिसेटमध्ये सेटिंग्जचा कप्पा कोरा झाला असं पेटी धरून चालली, तरी चिप काढून यंत्रावर वाचणाऱ्या जाणकाराला जुन्या अक्षरांचे काही अवशेष सापडू शकतात. घरगुती पेटीसाठी कुणी एवढे कष्ट घेत नाही, पण म्हणूनच शेवटचं काम पेटीवर नसतं, घरात असतं.

त्या संध्याकाळी काकांच्या नव्या राउटरचा वायफाय पासवर्ड बदलला. नाव तेच ठेवलं, काकूंचा आग्रह होता. कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरला वेगळा पासवर्ड दिला. नव्या पेटीच्या आत शिरायचा, स्टिकरवर छापलेला पासवर्डही बदलला आणि तो वहीत लिहिला, पेटीवर नाही. टीव्ही, टॅब, दोन फोन, एक प्रिंटर, दारावरची घंटा : सगळं पुन्हा जोडायला पाऊण तास लागला. काका कुरकुरले, पण जोडत गेले. पासवर्ड बदलला की जुन्या पेटीत काही उरलंय का, या प्रश्नाला अर्थच राहत नाही. कुलूप बदलल्यावर जुनी किल्ली कुणाच्याही खिशात असो.

दुसऱ्या दिवशी मुलगा आला. काकांनी पेटीचा अनुक्रमांक दिसेल असा फोटो आधीच काढून ठेवला होता. पावतीवर तोच क्रमांक लिहून घेतला, ॲडॅप्टर दिल्याची नोंद करून घेतली, सही घेतली. अनामत रकमेचा वाद झाला तर कामाला येते ती हीच पावती.

ज्यांची पेटी अजून भिंतीवर आहे, त्यांनी हे सगळं क्रमानं करावं. पण वाचकांपैकी बऱ्याच जणांची जुनी पेटी वर्ष-दोन वर्षांपूर्वीच, न पुसता, कुणाच्या तरी पिशवीतून गेलेली असेल. ती शोधत जाऊ नका, मिळणार नाही. एकच पाहा : घरातला आजचा वायफाय पासवर्ड तेव्हाचाच आहे का? असेल तर आज रात्री बदला, आणि कॅमेऱ्याचाही तोच असेल तर कॅमेऱ्याचा आधी.